एरोस्पेसच्या एसओपीचा मसुदा वाचाल का? (सत्तर टक्के थ्रस्ट गेला कुठे?)

ठिणगी

नमस्कार मंडळी. एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अर्ज करतेय. त्यासोबत पाचशे शब्दांचा एसओपी, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणारा निबंध, द्यायचाय, विषय ‘रॉकेट प्रॉपल्शनची ओढ का वाटते’. विचार पक्के व्हावेत म्हणून आधी मराठीत लिहिलंय. कठोरपणे वाचा, राग मानणार नाही.

> लहानपणापासून आकाशाकडे पाहताना मला नेहमी प्रश्न पडे, की तिथवर पोहोचायचं कसं? रॉकेटच्या ज्वाळांनी माझ्या मनात एक ठिणगी पेटवली. त्सिओल्कोव्हस्की, गोडार्ड आणि ओबेर्थ यांच्या कार्याने मी भारावून गेले. १६ मार्च १९२६ रोजी गोडार्ड यांनी द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. ते जेमतेम अडीच सेकंद हवेत होतं, पण त्या अडीच सेकंदांनी मानवजातीचं भवितव्य बदललं.
>
> ही प्रेरणा घेऊन मी स्वतः एक चाचणी-स्टँड बांधला. दोन लिटरच्या बाटलीत पाणी आणि दाबाखालची हवा भरून तिचा थ्रस्ट लोडसेलने मोजला. सिद्धांतानुसार सुरुवातीचा थ्रस्ट २९६ न्यूटन यायला हवा होता, प्रत्यक्षात कमाल ८८ न्यूटन मिळाला. म्हणजे सुमारे ७० टक्के थ्रस्ट घर्षणात वाया जातो, हे मी सिद्ध केलं. सिद्धांत आणि वास्तव यांतली ही दरी भरून काढण्यासाठी मला प्रॉपल्शन शिकायचं आहे.

पुढे एक परिच्छेद आहे तो ‘भविष्यात मला नव्या पिढीची इंजिनं बनवायची आहेत’ छापाचा. तो टाकत नाही, मलाच लाज वाटते.

शब्दकात्री

पहिला परिच्छेद सबंध काढ. मी काही वर्षं प्रवेशाचे अर्ज वाचायचं काम केलंय. आकाशाकडे बघणारं बालपण प्रत्येक अर्जात असतं आणि गोडार्ड दर दुसऱ्या अर्जात. ‘ज्वाळांनी ठिणगी पेटवली’ हे उलटं झालंय, ठिणगीने ज्वाळा पेटतात.

दुसऱ्या परिच्छेदात मात्र माझे डोळे थांबले, कारण तिथे तू काहीतरी हाताने केलं आहेस. तिथूनच सुरुवात कर. आकडे बरोबर आहेत का, ते मला कळत नाही. ते कळणारी माणसं इथे आहेत.

गोंधळी

ताई, माझं मत विचाराल तर आधी मेकॅनिकल करा, मग मास्टर्सला एरोस्पेस घ्या. थेट एरोस्पेस घेतलं की पर्याय कमी होतात. माझ्या मेव्हण्याने हेच केलं, आता पंपांच्या कंपनीत आहे आणि सुखात आहे.

शब्दकात्री

गोंधळीदादा, शाखा ठरली आहे हो तिची. मसुदा वाचायला सांगितलाय.

वडाची_साल

ठिणगी, माझी फजिती सांगतो, उपयोगी पडेल. मी अर्ज केला तेव्हा विकत मिळणाऱ्या मॉडेल रॉकेटबद्दल दोन रसभरीत परिच्छेद लिहिले होते. मोटरवर C6-5 छापलेलं होतं आणि मी बिनधास्त ठोकलं, की ‘माझी मोटर सहा सेकंद जळत असे’. मुलाखतीला समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘सहा सेकंद? नक्की?’ मी म्हटलं, हो, नावातच आहे.

त्या नावातला सहा म्हणजे सरासरी थ्रस्ट, सहा न्यूटन. C म्हणजे एकूण आवेग, थ्रस्ट गुणिले वेळ, पाच ते दहा न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान. शेवटचा पाच म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचा वेळ. म्हणजे मोटर दोन सेकंदांच्या आतच विझत होती, आणि ती मी स्वतः पंचवीसेक वेळा उडवली होती! डोळ्यांनी बघूनही मला वेळ कळली नव्हती. प्रवेश अर्थातच मिळाला नाही.

सांगायचं एवढंच, की ‘सिद्ध केलं’ या शब्दावर कोणीतरी बोट ठेवणार. उत्तर तयार ठेव.

सोल्डरवाली

लोडसेलचा सिग्नल वाचायला कोणतं बोर्ड वापरलंस? HX711 असेल तर सगळा घोळ तिथेच आहे. ती चिप मुळात सेकंदाला फक्त दहा रीडिंग देते. बाटलीतलं पाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. तुला शिखर सापडलंच नाही, उतारावरचं एखादं रीडिंग हाती लागलं. म्हणजे तो डेटा कचरा आहे, फेकून दे.

उपाय सोपा आहे. चिपची RATE नावाची पिन बऱ्याच बोर्डांवर ग्राउंडला जोडलेली असते. ती उचलून VCC ला जोड, सेकंदाला ऐंशी रीडिंग मिळतील.

ठिणगी

HX711 च आहे. आणि हो, दहाच्या वेगावर. 😟

रीडिंग अशी आली होती. दर ०.१ सेकंदाला एक, न्यूटनमध्ये, वरच्या दिशेचं बल धन:

```
0.0
0.1
2.1
66.8
88.3
12.0
6.5
6.4
6.5
```

बाटली तोंड खाली करून चौकटीत टांगलेली असते आणि लोडसेल वरच्या बाजूला असतो. भरलेल्या बाटलीवर शून्य लावलं, मग लांबून दोरीने पिन ओढली. शेवटी साडेसहावर का अडकतं, ते कळलं नाही. सेल सरकला असेल म्हणून सोडून दिलं.

दट्ट्या

बऱ्याच दिवसांनी इथे काहीतरी मोजलेलं बघायला मिळालं. माझं बरंचसं आयुष्य इंजिनांच्या टेस्ट स्टँडवर गेलंय, त्यामुळे राहवत नाही.

ठिणगी, आधी चार गोष्टी सांग. पाणी किती भरलं होतंस? दाब किती? बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास किती? आणि फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला होतास का?

डेटा फेकू नकोस. सोल्डरवाली अर्धी बरोबर आहे.

ठिणगी

पाणी ६६० मिली, दाब ४ बार (वातावरणापेक्षा जास्तीचा), तोंडाचा व्यास २१.७ मिमी, नोझल वेगळं लावलं नव्हतं. व्हिडिओ आहे! सेकंदाला २४० फ्रेम. पाणी बाहेर पडायला लागल्यापासून धुकट फवारा दिसेपर्यंत १८ फ्रेम मोजल्या.

२९६ असा काढला: दोन गुणिले दाब गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ.

गोंधळी

दोन कशासाठी? दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल, हे शाळेत शिकलोय. दुप्पट घेतलंत म्हणून आकडा फुगला असेल.

ठिणगी

मलाही आधी तसंच वाटलं होतं. तोंड बंद असताना झाकणावर बरोबर दाब गुणिले क्षेत्रफळ एवढंच बल असतं. पण उघडल्यावर पाणी वाहायला लागतं. मानेजवळ ते वेगात असतं, म्हणून तिथल्या भिंतीवरचा दाब उतरतो. वर बाटलीच्या बुडावर मात्र पूर्ण दाब तसाच असतो. म्हणजे खालून नुसत्या भोकापुरतं बल कमी होत नाही, भोकाभोवतीच्या उतरत्या खांद्यावरचंही कमी होतं.

हिशेबाने बघितलं तर, वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले दाब भागिले घनता. तो संवेगाच्या सूत्रात घातला की घनता कटते आणि दोन उरतो.

शब्दकात्री

ठिणगी, हे आत्ता जे लिहिलंस ना, ‘भोकाभोवतीच्या उतरत्या खांद्यावरचंही’, ते एसओपीत का नाही? अख्ख्या मसुद्यात इतकं जिवंत वाक्य एकही नाही.

दट्ट्या

दोनाचा गुणक बरोबर आहे, गोंधळीराव. आता मजा बघा. सिद्धांताला क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त व्हिडिओ धरू.

१८ फ्रेम म्हणजे ०.०७५ सेकंद. तेवढ्यात ६६० मिली पाणी २१.७ मिमीच्या तोंडातून गेलं. तोंडाचं क्षेत्रफळ ३.७ चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या आसपास येतो. ०.६६ किलो पाणी २४ मीटरच्या वेगाने बाहेर फेकलं, म्हणजे बाटलीला जवळजवळ १६ न्यूटन-सेकंदांचा आवेग मिळाला. तो ०.०७५ सेकंदात मिळाला, तर सरासरी थ्रस्ट दोनशे न्यूटनच्या वर जातो. सरासरी!

म्हणजे ८८ हे शिखर असूच शकत नाही. सत्तर टक्के थ्रस्ट खरोखर घर्षणाने खाल्ला असता, तर पाणीही रेंगाळत बाहेर आलं असतं. थ्रस्ट वेगाच्या वर्गावर जातो, तेव्हा वेग निम्म्याच्या जरा वर राहिला असता आणि १८ च्या जागी तुला तीसपेक्षा जास्त फ्रेम मोजाव्या लागल्या असत्या.

सोल्डरवाली

हेच तर म्हणत होते मी. शिखर निसटलं.

दट्ट्या

निसटलं हे खरं, पण ‘एखादं रीडिंग उतारावर सापडलं’ हे खरं नाही. ही चिप फोटो काढल्यासारखं क्षणाचं माप घेत नाही. सिग्मा-डेल्टा जातीची आहे, आत फिल्टर असतो, तो मागच्या काही काळाची भारित सरासरी काढून आकडा देतो. दहाच्या वेगावर तिला स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात, असं डेटाशीटच म्हणतं.

आता रीडिंग पुन्हा बघ. पाऊण दशांश सेकंदाचा धक्का होता, तरी चार ओळींवर पसरलाय. लोण्याचा गोळा पोळीवर पसरावा तसा. उंची गेली, पण लोणी तेवढंच आहे.

चार आकड्यांची बेरीज कर: २.१, ६६.८, ८८.३ आणि १२.०. एकूण १६९. आता त्या साडेसहाकडे ये. सेल सरकला नाही, पाणी गेलं. तू भरलेल्या बाटलीवर शून्य लावलंस, ६६० ग्रॅम कमी झाले, म्हणून सेलला वरच्या दिशेला साडेसहा न्यूटन दिसतात. ते शेवटपर्यंत राहिले, यावरूनच कळतं की सेल शाबूत आहे. वजनाची ही पायरीसुद्धा त्या चार ओळींवर पसरलेली असणार. तिच्यापोटी ढोबळ सोळा वजा कर. उरले १५३. ०.१ सेकंदाने गुण.

ठिणगी

१५.३ न्यूटन-सेकंद.

व्हिडिओवरून १६ च्या जवळ.

थांबा. म्हणजे काहीच वाया गेलं नाही?

दट्ट्या

थोडंफार गेलं. पाणी संपल्यावर आत वातावरणापेक्षा पावणेदोन-दोन बार जास्तीची हवा उरते, ती फुसकन जाते आणि एखादा न्यूटन-सेकंद देऊन जाते. तेव्हा हिशेबाने १७ च्या आसपास यायला हवं. तुला १५.३ मिळाले. दहा टक्क्यांचा फरक. त्यात घर्षण किती, चौकट किती आणि माझी ढोबळ वजाबाकी किती, हे या नऊ ओळींवरून मी सांगणार नाही.

वडाची_साल

इथे माझ्या मुलाखतीतल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘सिद्ध केलं? नक्की?’ 😄

ठिणगी

हसू येतंय आणि रडूही. गेला महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले, की पाण्याचं रॉकेट सत्तर टक्के वाया घालवतं.

शनिवारी पुन्हा करते. RATE पिन उचलते आणि झाकणाला ९ मिमीचं भोक पाडून वापरते, म्हणजे पाणी हळू जाईल आणि जास्त रीडिंग मिळतील. हिशेबाने थ्रस्ट ५१ न्यूटन आणि वेळ साधारण ०.४३ सेकंद यायला हवा.

सोल्डरवाली

पिन उचलताना बारीक टोक वापर आणि घाई करू नकोस, पॅड उखडतो. आणि हो, ‘कचरा’ हा शब्द मागे घेते. पण ऐंशीवरसुद्धा स्थिरावायला ५० मिलिसेकंद लागतात, तेव्हा पहिली चारेक रीडिंग शब्दशः घेऊ नकोस.

दट्ट्या

झाकण घट्ट बसलंय ना ते बघ, आणि पिन ओढताना समोर उभी राहू नकोस. दाब चारच्या वर नेऊ नको. बाटलीवर ओरखडे पडले असतील तर ती बाद.

---

ठिणगी

शनिवार झाला. तीन वेळा केलं, तिन्ही वक्र जवळजवळ एकसारखे आले. पाणी आणि दाब तेच ठेवले होते.

सुरुवातीचा थ्रस्ट ३२ न्यूटन. ५१ नाही. वजनाची वजाबाकी या वेळी नीट केली आहे, एकेका रीडिंगला. ऐंशीचा वेग आहे, शिखर निसटायला जागा नाही. मग आता खरंच घर्षण म्हणायचं का?

पण पाणी संपायला ०.४३ नाही, ०.६८ सेकंद लागले. आणि वक्राखालचं क्षेत्रफळ १४.९ न्यूटन-सेकंद.

सोल्डरवाली

लोडसेलचं कॅलिब्रेशन बिघडलं असेल. ज्ञात वजन टांगून बघ.

ठिणगी

बघितलं. दोन किलोला १९.६ दाखवतोय.

दट्ट्या

उत्तर तू स्वतःच लिहिलं आहेस. थ्रस्ट कमी झाला आणि त्याच प्रमाणात वेळ वाढला. ३२ भागिले ५१ काढ, ०.६३ येईल. ०.४३ भागिले ०.६८ काढ, तेच येईल. पाण्याचा वेग कमी झालेला नाही. वेग घटला असता तर क्षेत्रफळही घटलं असतं. मग भोकातून कमी पाणी का जातंय?

झाकणाजवळचा व्हिडिओ मोठा करून बघ. धार भोकाएवढी जाड आहे का?

ठिणगी

…नाही.

झाकणातून बाहेर पडल्यावर धार आक्रसते. भोक ९ मिमीचं, पण जरा खाली धार सातच्या आसपास दिसतेय. स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं. काठ धूसर आहेत, नेमकं सांगता येत नाही.

दट्ट्या

सातचा वर्ग भागिले नवाचा वर्ग. ०.६.

सपाट पत्र्याला पाडलेल्या धारदार भोकाचा हा जुना स्वभाव आहे. पाणी कडेकडेने आडवं येत असतं, त्याला काठावर काटकोनात वळता येत नाही, म्हणून पुढे जाऊन धार बारीक होते. आधीच्या चाचणीत बाटलीची मान गोलसर उतरती होती, तिथे हा प्रकार नव्हता. आणि तू मघाशी गोंधळीरावांना जे समजावलंस, ते इथे लावून बघ. सपाट झाकणाला उतरता खांदाच नाही. वाहत्या पाण्यामुळे दाब उतरेल अशी भिंत कमी, म्हणून दोनाचा गुणक सव्वावर आला. झाकणाला आतून गोलाई दे, ५१ च्या जवळ जाशील.

गोंधळी

म्हणजे मी दोनावर शंका घेतली ती अगदीच फुकट नव्हती तर!

दट्ट्या

नव्हती. बाटली चुकली होती फक्त.

ठिणगी

मला एक गोष्ट आत्ता दिसतेय. उघड्या तोंडाने थ्रस्ट तीनशेच्या घरात. सपाट झाकणाने ३२. नऊपट फरक. आणि आवेग १५.३ आणि १४.९. भोकाचा आकार बदलला, घाट बदलला, तरी पाण्याने दिलं तेवढंच दिलं. नोझल फक्त किती वेळात द्यायचं ते ठरवतं.

दट्ट्या

पाण्यापुरतं खरं. एसओपीत हे ‘सर्व रॉकेटांना’ म्हणून लिहू नकोस, कोणीतरी पकडेल. पाणी दाबलं जात नाही. गरम वायू नोझलमध्ये प्रसरण पावतो, तिथे नोझलचा घाट वेग स्वतःच बदलतो, आणि मग आवेगही बदलतो. म्हणून तर त्या घंटेच्या आकारावर एवढी डोकेफोड असते.

एक अवांतर सांगतो, कारण तुझी पहिली चूक मला फार ओळखीची वाटली. सॅटर्न ५ च्या एफ-१ इंजिनात ज्वलन अस्थिर व्हायचं. चेंबरमधला दाब सेकंदाला शेकडो वेळा हेलकावे खायचा आणि इंजिन स्वतःलाच फाडायचं. सावकाश चालणाऱ्या गेजला यातलं काही दिसत नाही, तो इमानदारीत सरासरी दाखवत राहतो. शेवटी त्या लोकांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटा बॉम्ब फोडला आणि हेलकावा किती वेळात शमतो ते मोजलं. इंजेक्टरच्या तोंडावर आडभिंती घालून, भोकांची मांडणी बदलून, पुन्हा बॉम्ब. असं करत करत दशांश सेकंदाच्या आत शमायला लागलं.

शब्दकात्री

वाचायला सुरेख आहे, पण ठिणगी, हे तुझ्या एसओपीत नको. ही दट्ट्याकाकांची गोष्ट आहे. तुझी बाटली आहे.

ठिणगी

नवा मसुदा. पहिला परिच्छेद उडवला.

> महिनाभर मी सगळ्यांना सांगत होते, की माझ्या बाटली-रॉकेटचा ७० टक्के थ्रस्ट घर्षणात जातो. हिशेबाने २९६ न्यूटन यायला हवे होते आणि माझा लोडसेल ८८ च्या पुढे गेला नाही. पण त्याच चाचणीच्या व्हिडिओत बाटली १८ फ्रेममध्ये रिकामी झाली होती. इतक्या वेगाने पाणी फेकायचं तर सरासरी थ्रस्टच दोनशेच्या वर हवा. दोन मापं एकाच वेळी खरी असू शकत नव्हती.
>
> चूक लोडसेल वाचणाऱ्या चिपची होती, म्हणजे माझी. ती ०.४ सेकंदाची सरासरी देत होती आणि धक्का ०.०७५ सेकंदाचा होता. शिखर सपाट झालं होतं, पण वक्राखालचं क्षेत्रफळ शाबूत होतं: १५.३ न्यूटन-सेकंद. मग मी झाकणाला ९ मिमीचं भोक पाडलं. थ्रस्ट ३२ न्यूटनवर आला, वेळ ०.६८ सेकंद झाला आणि आवेग १४.९ राहिला. ३२ हा आकडाही माझ्या हिशेबापेक्षा कमी होता. धार भोकापेक्षा बारीक होते, हे मला समीकरणात नाही, फोनच्या पडद्यावर पट्टी लावल्यावर दिसलं.
>
> पाण्याचं नोझल फक्त वेळ ठरवतं. गरम वायूचं नोझल वेगही ठरवतं, असं मला सांगण्यात आलं आहे. ते का, हे मला अजून नीट समजलेलं नाही. ते समजून घ्यायला मी येते आहे.

सोल्डरवाली

चांगलं झालंय, पण ‘चूक माझी’ एवढं ठळक कशाला? समोरचा फक्त तेवढंच लक्षात ठेवेल. मी असते तर ‘सुरुवातीच्या मोजणीत मर्यादा होत्या’ असं लिहिलं असतं.

शब्दकात्री

अजिबात नको. ‘मर्यादा होत्या’ वाचून माझी तर झोप उडाली नसती, लागली असती. चूक राहू दे. मात्र ‘समीकरणात नाही, फोनच्या पडद्यावर’ हे जरा नाटकी वाटतं. ‘व्हिडिओत दिसलं’ पुरे.

सोल्डरवाली

असहमत आहे, पण मसुदा तिचा आहे.

वडाची_साल

‘असं मला सांगण्यात आलं आहे’ हे ठेव. मुलाखतीत कोणी सांगितलं विचारलं तर दट्ट्याकाकांचं नाव घे.

दट्ट्या

माझं नाव नको. पहिल्या खेपेची १५.३ एकाच चाचणीवर आहे आणि १४.९ तीन चाचण्यांची सरासरी आहे, एवढं मात्र कुठेतरी येऊ दे. अजून एक: तुझ्या नव्या वक्रांवर सुरुवातीला बारीक लाटा असतील. आहेत का?

ठिणगी

आहेत! पहिल्या दोन-तीन दशांश सेकंदांत. तिन्ही चाचण्यांत. मला वाटलं पाण्यात काहीतरी घडतंय.

दट्ट्या

असेलही. पण आधी चौकटीला टिचकी मारून बघ. भरलेल्या बाटलीला एकदा आणि रिकाम्या बाटलीला एकदा. पाणी न सोडता आणि दाब न लावता तीच लाट दिसली, तर ती चौकटीची.

ठिणगी

मारली. भरलेली असताना सेकंदाला १४ झोके, रिकामी असताना २२.

दट्ट्या

मग लाट चौकटीची असेल तर पाणी जाता जाता झोके जलद व्हायला हवेत, सुरुवातीला १४ आणि पुढे वाढत. एकाच वेगाच्या राहिल्या तर गोष्ट वेगळी. सेकंदाला ऐंशी रीडिंगमध्ये चाळिसाच्या वरचं काही धड दिसणार नाही, खोट्या संथ लाटेचा वेष घेऊन येईल, तेही डोक्यात ठेव.

ठिणगी

पहिल्या दोन लाटांमधलं अंतर पाच रीडिंग. पुढच्या दोनमध्ये पाच. त्यापुढे चार की पाच, ठरत नाही, लाट फार बारीक झालीये. दाब कमी करून पाणी जास्त वेळ टिकवलं तर कळेल. पण अर्ज परवा भरायचाय.

शब्दकात्री

अर्ज भर. लाटा एसओपीत घालू नकोस.

ठिणगी

नाही घालत. उद्या सकाळी दोन बारवर एकदा करून बघते फक्त.